कुवेतच्या तेलविहिरी आणि भरपाईचा खरा आधार

“१९९१ मध्ये तेलविहिरी पेटवल्याबद्दल इराकला जिनिव्हा करारांतील पर्यावरणविषयक कलमांखालीच भरपाई द्यावी लागली ना?”

नाही. ती कलमे युद्धाचे नियम ठरवणाऱ्या या करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये आहेत आणि इराकने तेव्हा तो स्वीकारलेलाच नव्हता. शिवाय त्यांनुसार हानी एकाच वेळी विस्तृत, दीर्घकालीन आणि गंभीर असावी लागते, आणि ‘दीर्घकालीन’ म्हणजे, वाटाघाटींतील समजुतीप्रमाणे, काही दशके. सहाशेहून अधिक विहिरींची आग मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत विझली, जरी वाळवंटात साचलेली तेलाची तळी मागे राहिली. माझ्या मते हा उंबरठा फारच उंच आहे. भरपाईचा आधार सुरक्षा परिषदेचा ठराव ६८७ होता. त्याने बेकायदा आक्रमणातून थेट उद्भवलेल्या नुकसानीसाठी, पर्यावरणाच्या हानीसह, इराकला जबाबदार धरले; त्यामुळे दशकांचा निकष सिद्ध करावा लागला नाही.