एम.एड.साठी शाळा सोडायची आहे? मग राजीनाम्याची तारीख आधी काढा, मजकूर नंतर

आमच्याकडे चोपडा-पारोळा भागात दरवर्षी जुलै आला की दोन-तीन ताईंचे फोन येतातच, सर एम.एड.ला नंबर लागतोय, राजीनाम्याचा नमुना पाठवा ना. नमुना चार ओळींचा असतो, तो कुणीही लिहून देईल. खरा घोळ तारखेचा आहे आणि तो कोणी विचारतच नाही.

इथे खाजगी अनुदानित प्राथमिक शाळेचंच बोलतोय. जिल्हा परिषदवाल्यांचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर जातो, त्यांचे नियम वेगळे.

आधी पात्रता बघून घ्या, कारण बऱ्याच डी.एड. झालेल्यांना वाटतं की बी.एड. नाही म्हणजे एम.एड. नाही. तसं नाहीये. एनसीटीईच्या 2014 च्या नियमांप्रमाणे डी.एल.एड. आणि पदवी दोन्हीत 50 टक्के असतील तरी चालतं, आरक्षित प्रवर्गाला सूट आहे. प्रवेश सीईटी सेलच्या परीक्षेतून होतो. कोर्स दोन वर्षांचा आणि हजेरी 80 टक्के लागते, म्हणून सकाळी शाळा आणि दुपारी जळगावला कॉलेज हे जमत नाही. फक्त शिक्षणशास्त्रातला एम.ए. पाहिजे असेल तर इग्नूचा दूरशिक्षणातला आहे, त्यासाठी नोकरी सोडू नका. पण तो एम.ए. म्हणजे एम.एड. नव्हे, पुढे डी.एल.एड. किंवा बी.एड. कॉलेजात शिकवायचं डोक्यात असेल तर हा फरक नडतो.

आणि राजीनाम्याआधी एकदा बिनपगारी असाधारण रजेचा अर्ज करून बघा. जुनी पेन्शन लागू असेल तर राजीनामा दिला की आधीची सेवा पेन्शनच्या हिशोबातून बाद होते, निवृत्तीवेतन नियम 1982 मधला नियम 46 तेच सांगतो. बरीच वर्षं नोकरी झाली असेल तर हा प्रश्न घरात बसून नीट बोलायचा आहे. संस्था रजा नाही म्हणाली तर ते लेखी घ्या.

आता मुख्य गोष्ट. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम 40. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एक महिन्याची. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच नियमात पुढे दोन गोष्टी आहेत. नोटीस सुट्टीत देता येत नाही आणि नोटीसच्या मुदतीत सुट्टीचा कुठलाही भाग येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात नोटीस द्यायची नाही. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी अडवते, जून-जुलै अडवतो आणि पुढे दिवाळी अडवते. मधे जी फट उरते ती फार लहान.

एक हिशोब करून दाखवतो. समजा शाळा 15 जून 2026 ला उघडली. 15 जुलैपर्यंत नोटीस नाही. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला, म्हणजे सुट्टी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागेल असं धरू. तीन महिने सुट्टीआधी संपायला पाहिजेत तर नोटीस 16 जुलै ते साधारण जुलैअखेर एवढ्यातच द्यावी लागते. ती चुकली की पुढची दिवाळीनंतर, किंवा जानेवारीत दिली तर मेच्या सुट्टीआधी संपते. जानेवारीत मात्र सीईटीचा पत्ता नसतो, म्हणजे तो डाव अंधारातच खेळायचा.

आता समजा पारोळा तालुक्यातल्या एका ताईंनी 20 जुलैला नोटीस दिली, ती 19 ऑक्टोबरला संपते. कॉलेज सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लागतं, म्हणून त्यांना 31 ऑगस्टला सुटायचंय. संस्था परवानगी देऊ शकते, पण जितके दिवस कमी पडले तितक्या दिवसांचा पगार ताईंना भरावा लागतो. यात फक्त मूळ पगार धरायचा, महागाई भत्ता आणि घरभाडं नाही. मूळ पगार 35,900 असेल तर सप्टेंबरचे 35,900 आणि ऑक्टोबरच्या 19 दिवसांचे साधारण 22,003, मिळून 57,903 रुपये. क्लार्क एकूण पगारावर हिशोब लावत असेल तर नियम 40 दाखवा. आणि "अहो माफ करा ना साहेब" म्हणून उपयोग नाही, कारण संस्थेने न घेता सोडलं तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, त्यांचाही हात अडकलेला असतो.

यात सगळ्यात वाईट म्हणजे प्रवेशाची यादी लागायच्या आधी नोटीस द्यावी लागू शकते. सीईटीचे मार्क बघून अंदाज घ्या. नंबर काठावर असेल तर मी तरी म्हणेन एक वर्ष थांबा, कारण दिलेला राजीनामा मागे घेता येतो का यावरून कोर्टात वाद होतात आणि ते झेंगट मागे लावून घेण्यात अर्थ नाही.

पत्र कसं द्यायचं ते खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यात कलम 7 मधे आहे. दोन प्रती काढायच्या, दोन्हीवर सही आणि तारीख, एक संस्थेला रजिस्टर्ड पोस्टाने, दुसरी आपल्याजवळ. हा नियम शिक्षकाच्याच भल्यासाठी आहे, कारण काही संस्था नेमणुकीच्या वेळीच तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवतात. आमच्या एका मित्राच्या कपाटातल्या त्या कागदाने त्याची झोप चार वर्षं उडवली होती. 2025 मधे रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणून काउंटरवर नोंदणीची सेवा जोडून मागा आणि पावती व पोच जपून ठेवा. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेला कागद म्हणजे पुरावा नाही. आमची आजी अहिराणीत म्हणायची, कागद जोडे ठेव, बोलनं वारावर जास, म्हणजे कागद जवळ ठेव, बोलणं वाऱ्यावर जातं.

मजकूर एवढा पुरे:

"प्रति, मा. अध्यक्ष/सचिव (संस्थेचं नाव). द्वारा मुख्याध्यापक. विषय: सहशिक्षिका पदाचा राजीनामा. महोदय, मी दि. __ पासून आपल्या शाळेत कायम सहशिक्षिका आहे. एम.एड. शिक्षण घ्यायचे असल्याने मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. नियम 40 प्रमाणे तीन महिन्यांची नोटीस आजपासून धरून दि. __ रोजी मला कार्यमुक्त करावे. लवकर सोडल्यास कमी पडणाऱ्या दिवसांचे मूळ वेतन भरण्यास तयार आहे. आपली विश्वासू."

यात "प्रवेश मिळाला तर" असं काही लिहू नका, अट घातलेला राजीनामा पुढे भांडणाचं कारण होतो. संस्थेच्या तक्रारी पण यात नकोत, त्या वेगळ्या कागदावर.

निघताना चार कागद हातात असल्याशिवाय गेट सोडू नका: राजीनामा मंजुरी आणि कार्यमुक्ती आदेश, अनुभव दाखला, अंतिम वेतन प्रमाणपत्र, आणि सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत. याशिवाय ना देय दाखला लागतो, तो सगळ्यात जास्त रखडतो, आणि बहुतेक वेळा शिक्षकांच्या पतपेढीत अडकतो. आपलं कर्ज फिटलेलं असतं, पण कुणा सरांना आपण जामीन झालेलो असतो. जून उजाडायच्या आधीच पतपेढीत जाऊन विचारा की आपण कुणाकुणाला जामीन आहोत. हजेरीपट, निकालपत्रक, पोषण आहाराची नोंदवही आणि कपाटाच्या किल्ल्या यादी करून द्या आणि त्या यादीवर घेणाऱ्याची सही घ्या. एनपीएसचा प्रान नंबर मात्र घाईत बंद करू नका, पुढच्या नोकरीत तोच चालतो.