म्हण

लोकांच्या अनुभवातून आलेले आणि ठरलेल्या शब्दांतच बोलले जाणारे छोटे विधान. वाक्प्रचारापासून म्हण वेगळी ओळखायची तर काळ बदलून पाहावा. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ हा वाक्प्रचार. त्याने कोहळा काढला, ती काढेल, असा तो वाक्यात मिसळतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ मात्र कोणाबद्दलही, कधीही बोलले तरी तसेच राहते. बोलताना ‘वाकडे’चे ‘वाकडं’ होते, पण तो उच्चाराचा फरक, शब्द तेच.

म्हणीतले सगळे शब्द सारखे घट्ट नसतात. ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ या म्हणीत हरीऐवजी ‘नारायण’ही सर्रास ऐकू येतो. दोन्ही नावे विष्णूचीच, त्यामुळे यमक गेले तरी अर्थ शाबूत राहतो. गाढव मात्र हलवता येत नाही. त्याच्या जागी घोडा आणला, तर थोराने क्षुद्रापुढे नमण्यातला विरोधच संपतो. ‘धरी’ हे रूप आज बोलण्यात नाही. तरी ‘अडलेला हरी गाढवाचे पाय धरतो’ असे नीटनेटके केले की ठेका जातो आणि उरते ती नुसती बातमी.

‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ यातला हिशेब १६ आण्यांच्या रुपयाचा आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि २०११ मध्ये २५ पैशांचे नाणेही बाद झाले, म्हण मात्र टिकली. कारण तिच्यात कोंबडीचा भाव सांगायचाच नाही. मूळ वस्तूच्या तिप्पट खर्च वरकड गोष्टीवर झाला, हे सांगायचे आहे. ‘पंचवीस पैशांची कोंबडी, पाऊण रुपयाचा मसाला’ हा हिशेबही चुकत नाही, पण चार आणि बारा शेजारी ठेवल्यावर जी तिप्पट कानाला लगेच कळते, ती इथे मनात मोजावी लागते.

म्हण अर्धीच बोलायची सवयही तिचे शब्द राखते. ‘आडातच नाही तर…’ एवढ्यावर बोलणारा थांबतो आणि पोहरा ऐकणारा पुरवतो. ‘विहिरीत नाही तर बादलीत कुठून येणार’ म्हटले तर मुद्दा पोहोचतो, पण तो अर्ध्यावर सोडता येत नाही. पुढचे शब्द कोणाच्याच तोंडी बसलेले नसतात.

शब्द टिकले म्हणजे समज टिकतेच असे नाही. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण काही जण तुटपुंजेपणासाठी वापरतात, जणू झाडाला एकूण तीनच पाने. पळस पाहिलेला नसला की हा घोटाळा होतो. पळसाच्या प्रत्येक पानाला तीन दले असतात, मग झाड कोकणातले असो की विदर्भातले. कुठेही गेले तरी परिस्थिती तीच, हा म्हणीचा खरा रोख. म्हणूनच तिच्याआधी बरेचदा ‘कुठेही जा’ जोडतात.