नऊ किमतींतून सहा दशांश स्थळे

१/x या वक्राखालचे x = १ ते x = २ मधले क्षेत्रफळ काढायचे आहे. खरे उत्तर ठाऊक आहे: २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, ०.६९३१४७… त्यामुळे पद्धतीची परीक्षा चांगली होते.

दोन टोकांना सरळ रेषेने जोडून एकच समलंब चौकोन घेतला तर ०.७५ येते. पट्ट्या दोन केल्या की ०.७०८३३३, चार केल्या की ०.६९७०२४, आठ केल्या की ०.६९४१२२. दर वेळी फक्त नव्या मधल्या बिंदूंवरच्या किमती काढायच्या, जुन्या तशाच वापरता येतात. आठ पट्ट्यांपर्यंत एकूण नऊ किमती लागतात.

आता चुका पाहा: ०.०५६९, ०.०१५२, ०.००३९, ०.००१०. पट्टी अर्धी केली की चूक जवळजवळ चौथाई होते. वक्र गुळगुळीत असेल, तर या चुकीत पट्टीच्या रुंदीचा वर्ग, चौथा घात, सहावा घात अशी सम घातांचीच पदे येतात. ऑयलर-मॅक्लॉरिन सूत्र हेच सांगते. म्हणजे चूक किती आहे हे माहीत नसले, तरी ती कशी घटते हे माहीत आहे. एवढ्यावर काम भागते. नव्या उत्तराची चौपट करा, त्यातून जुने वजा करा आणि ३ ने भागा. वर्गाचे पद खोडले जाते:

(४ × ०.७०८३३३ − ०.७५) ÷ ३ = ०.६९४४४४

हा खरे तर सिम्प्सनचा नियमच झाला. पुढच्या जोड्यांतून ०.६९३२५४ आणि ०.६९३१५५ मिळतात. आता चौथ्या घाताचे पद उरले. ते अर्ध्या रुंदीला सोळावा भाग होते, म्हणून सोळापट करून वजाबाकी आणि १५ ने भागाकार: ०.६९३१७५, ०.६९३१४८. शेवटी ६४ आणि ६३ घेऊन तीच कृती केली की ०.६९३१४७. सहाही स्थळे बरोबर! नुसत्या समलंबांनी एवढी अचूकता गाठायला साडेचारशेच्या आसपास पट्ट्या लागल्या असत्या.

दोन उत्तरांतून चूक खोडण्याची युक्ती रिचर्डसनच्या नावाने ओळखली जाते. समलंब नियमावर ती पायरीपायरीने चालवण्याची पद्धत वेर्नर रॉम्बर्ग यांनी १९५५ मध्ये मांडली.

पण गुळगुळीतपणाची अट विसरली, तर सगळा डोलारा कोसळतो. √x चे ० ते १ संकलन घ्या. समलंबाची उत्तरे ०.५, ०.६०३६, ०.६४३३, ०.६५८१ येतात आणि खरे उत्तर ०.६६६७ आहे. शून्यापाशी वक्र उभा चढतो, म्हणून चुकीत रुंदीचा दीड घात शिरतो. तो अर्ध्या रुंदीला चौथाई न होता साधारण २.८ पटींनीच घटतो. अशा वेळी ४ आणि ३ ची वजाबाकी चूक नुसती कमी करते, खोडत नाही.

हे खऱ्या उत्तराशिवायही ओळखता येते. लागोपाठच्या समलंब-उत्तरांतले फरक काढा आणि त्यांची गुणोत्तरे पाहा. १/x साठी ती ३.६८, ३.९० अशी ४ कडे जातात. √x साठी २.६१, २.६८ वरच रेंगाळतात. माझ्या मते रॉम्बर्गचा तक्ता भरण्याआधी ही गुणोत्तरे पाहायलाच हवीत. √x वर उपाय सोपा आहे: x = t² घ्या. मग २t² चे संकलन उरते, आणि तिथे दोनच पट्ट्यांतून पहिल्या पायरीला नेमके २/३ मिळते.