काठी उभी राहील का? सहगुणक नेमके माहीत नसताना स्थिरता कशी तपासायची

एका हलक्या काठीच्या खालच्या टोकाला बिजागरी आहे आणि वरच्या टोकाला वजन. बिजागरीत बसवलेली मोटर काठीला सरळ उभी धरते. काठी जितकी कलेल त्या प्रमाणात मोटर उलट दिशेने टॉर्क लावते. शिवाय काठी ज्या वेगाने कलत असेल, त्या वेगाच्या प्रमाणातही ती विरोध करते. पहिल्या प्रमाणाला Kp म्हणू आणि दुसऱ्याला Kd. वजन m, काठीची लांबी l आणि गुरुत्व g धरले, तर कल लहान असेपर्यंत या यंत्रणेचे वागणे एका द्विघाती बहुपदीत मावते:

ml²·s² + Kd·s + (Kp − mgl)

या बहुपदीच्या दोन्ही मुळांचा वास्तव भाग ऋण असेल, तर काठीला धक्का बसला तरी ती पुन्हा उभी राहते. यालाच स्थिर म्हणायचे. शेवटच्या पदातले वजाचे चिन्ह लक्षात ठेवायला हवे. मोटर काठीला उभी करू पाहते आणि गुरुत्व तिला पाडू पाहते, त्यामुळे त्या पदात फक्त दोघांमधला फरक उरतो.

वजन १ किलो, काठी अर्धा मीटर आणि Kp रेडियनमागे ७.५ न्यूटन-मीटर घेऊ. mgl ४.९ येते, फरक २.६ उरतो आणि सगळे ठीक दिसते. पण प्रत्यक्षात वजन ०.८ ते १.२ किलोपर्यंत काहीही लावले जाते आणि काठी ०.४ ते ०.६ मीटरपर्यंत सरकवता येते. तापलेल्या मोटरचा जोरही दहा टक्के इकडेतिकडे होतो. जड वजन, लांब काठी आणि तापलेली मोटर एकत्र आली, की mgl ७.०५६ होते आणि Kp ६.७५ वर घसरते. फरक उणे ०.३०६. Kd ०.४ धरून वर्गसमीकरण सोडवले, तर एक मूळ +०.५ च्या आसपास निघते. म्हणजे काठीचा कल दर १.४ सेकंदांनी दुप्पट होत जातो. मधल्या आकड्यांवर केलेल्या तपासणीत याचा मागमूसही लागत नाही.

म्हणून प्रश्न नव्याने मांडावा लागतो. प्रत्येक सहगुणकासाठी एक आकडा न घेता एक पट्टा घ्यायचा, आणि त्या पट्ट्यांतून कोणतेही आकडे उचलले तरी तयार होणारी प्रत्येक बहुपदी स्थिर आहे का, हे पाहायचे. Kp वाढवून ९ केला आणि दहा टक्क्यांची सूट ठेवली, तर तो ८.१ ते ९.९ मध्ये राहतो. Kd ०.४ ते ०.८ मानू. मग पट्टे असे येतात: s² चा सहगुणक ०.१२८ ते ०.४३२, s चा ०.४ ते ०.८ आणि स्थिर पद, म्हणजे s नसलेले शेवटचे पद, १.०४४ ते ६.७६४.

द्विघातीत उत्तर एका ओळीत मिळते. तिन्ही सहगुणक धन असले की द्विघाती बहुपदी स्थिर असते, आणि s² चा सहगुणक धन असताना याखेरीज ती स्थिर असूच शकत नाही. तेव्हा तिन्ही पट्ट्यांची खालची टोके धन आहेत एवढेच पाहायचे. ती आहेत, म्हणून पट्ट्यांतली प्रत्येक काठी उभी राहते. पण ही सोय तिघातीपासून संपते. त्यामुळे हेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढून पाहणे फायद्याचे आहे, कारण ती वाट वरच्या घातांनाही चालते.

सहगुणक हळूहळू बदलले तर मुळेही हळूहळू सरकतात, उडी मारत नाहीत. स्थिर बहुपदी अस्थिर व्हायची असेल तर तिचे एखादे मूळ आधी काल्पनिक अक्षावर यायलाच हवे. त्या अक्षावर s = jω असतो, j म्हणजे −१ चे वर्गमूळ, म्हणून s² = −ω². काठीच्या बहुपदीत हे घातले की वास्तव भागात फक्त स्थिर पद आणि s² चे पद येतात, आणि काल्पनिक भागात एकटे s चे पद. दोन्ही भागांत सामाईक सहगुणक एकही नाही. त्यामुळे एका ω साठी सगळ्या शक्य बहुपदींच्या किमती कागदावर मांडल्या, तर एक आयत तयार होतो, ज्याच्या बाजू अक्षांना समांतर असतात. हा आयत कोणत्याही ω ला शून्यबिंदूवर आला नाही, तर एकही मूळ अक्ष ओलांडू शकत नाही.

ω = ३ घेऊन पाहू. आयताची डावी कड १.०४४ − ०.४३२ × ९ = −२.८४४ वर येते आणि उजवी ६.७६४ − ०.१२८ × ९ = ५.६१२ वर. उभ्या दिशेने तो १.२ ते २.४ पर्यंत पसरतो. म्हणजे शून्यबिंदू आयताच्या बरोबर खाली आहे, पण तळापासून १.२ अंतरावर. ω वाढेल तसा आयत वर आणि डावीकडे जातो. ω शून्य असताना तो चपटा होऊन धन अक्षावर १.०४४ ते ६.७६४ एवढी रेघ बनतो. शून्याला तो कधीच शिवत नाही.

आता चार कोपरे. डावी कड हवी तर स्थिर पद सर्वांत लहान आणि s² चे सर्वांत मोठे घ्यायचे, उजवीसाठी याच्या उलट. खालची कड s च्या लहान सहगुणकाची, वरची मोठ्याची. म्हणजे ω कितीही असो, कोपऱ्यांवर त्याच चार बहुपदी बसलेल्या असतात:

0.432s² + 0.4s + 1.044
0.432s² + 0.8s + 1.044
0.128s² + 0.4s + 6.764
0.128s² + 0.8s + 6.764

रशियन गणिती व्लादिमीर खारितोनोव यांनी १९७८ मध्ये दाखवले, की घात कितीही असला तरी एवढ्या चार बहुपदी स्थिर असणे पुरेसे आहे. पाचव्या घाताला सहा सहगुणक असतात आणि टोकांच्या जोड्या ६४ होतात, तरीही तपासायच्या चारच. घात वाढला की s⁴ मुळे +ω⁴, s⁶ मुळे −ω⁶ असे चिन्ह आलटून पालटून येते, म्हणून स्थिर पदापासून वर जाताना टोकांची रचना लहान, लहान, मोठा, मोठा अशी फिरत राहते. उरलेल्या तीन रचना म्हणजे मोठा, मोठा, लहान, लहान. लहान, मोठा, मोठा, लहान. आणि मोठा, लहान, लहान, मोठा.

हे आपोआप खरे वाटेल, पण तसे नाही. दोन स्थिर बहुपदींच्या मधली बहुपदी स्थिर असेलच असे नसते. s³ + s² + s + 0.5 स्थिर आहे आणि s³ + 10s² + 10s + 90 सुद्धा. कारण तिघातीत सगळे सहगुणक धन असून मधल्या दोघांचा गुणाकार टोकांच्या गुणाकारापेक्षा मोठा लागतो. या दोघींची सरासरी s³ + 5.5s² + 5.5s + 45.25 मात्र अस्थिर, कारण ३०.२५ हे ४५.२५ पेक्षा लहान.

मग चार कोपऱ्यांवर भरवसा का ठेवायचा? ω वाढताना स्थिर बहुपदीची किंमत शून्याभोवती फक्त घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. समजा आयताची खालची कड सरकत सरकत शून्यावर टेकली. त्या क्षणी तिचे उजवे टोक धन अक्षावर असेल आणि डावे ऋण अक्षावर. दोन्ही टोके स्थिर बहुपदींची, म्हणून उजवे वर जायला हवे आणि डावे खाली. म्हणजे कड तिरकी व्हायला हवी. पण आयताची कड आडवीच राहते. हा विरोध टळत नाही, म्हणून कड शून्यावर टेकूच शकत नाही. आयताच्या उरलेल्या तीन कडांनाही हाच युक्तिवाद लागतो. या सगळ्या भूमितीत मला सर्वांत देखणी वाटते ती हीच जागा.

सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाच्या पट्ट्यात शून्य आले, तर मात्र बहुपदीचा घातच बदलतो आणि हा युक्तिवाद मोडतो. तसेच संगणकाने ठरावीक अंतराने नमुने घेऊन चालवलेल्या नियंत्रकात मुळे एकक वर्तुळाच्या आत हवी असतात. तिथे चार बहुपदींचा हा नियम लागू नाही.

पण प्रत्यक्ष कामात खरी अडचण वेगळीच येते. आयत तयार झाला, तो प्रत्येक सहगुणक आपापल्या मर्जीने बदलतो असे मानल्यामुळे. काठीचे सहगुणक तसे मोकळे नाहीत. वजन वाढले की पहिला सहगुणक वाढतो आणि शेवटचा त्याच वेळी घटतो. मोटर क्षणात टॉर्क देत नाही, तिला τ एवढा उशीर लागतो, हे जमेस धरले की या नात्याची किंमत कळते. बहुपदी आता तिघाती होते:

τml²·s³ + ml²·s² + (Kd − τmgl)·s + (Kp − mgl)

तिघातीत, सगळे सहगुणक धन असतील, तर चारऐवजी एकच बहुपदी तपासून भागते: मधले दोन सहगुणक सर्वांत लहान आणि टोकांचे दोन सर्वांत मोठे. आपले आकडे घातले तर अट अशी येते: ०.१२८ × (०.४ − ७.०५६τ) हे ०.४३२τ × ६.७६४ पेक्षा मोठे हवे. यातून τ सुमारे १३ मिलिसेकंदांपेक्षा कमी हवा असे निघते. त्यासाठी महाग मोटर घ्यावी लागेल.

आता पट्टे बाजूला ठेवून तीच अट अक्षरांत लिहू. मधल्या दोघांचा गुणाकार ml²(Kd − τmgl), टोकांचा τml²(Kp − mgl). दोन्हीकडचे ml² कटते, τmgl ही कटते आणि उरते फक्त Kd > τKp. वजनाचा आणि लांबीचा या अटीशी संबंधच राहत नाही. Kd ०.४ आणि Kp ९.९ या सर्वांत वाईट जोडीला τ ४० मिलिसेकंदांपर्यंत चालतो. पट्ट्यांच्या हिशेबाने मागितलेल्या वेगाच्या तिप्पट संथ मोटरही पुरते. १३ चा आकडा चुकीचा नाही, त्याच्या आत राहिलो तर काठी नक्की उभी राहील. फक्त त्या हिशेबात एक काठी अशीही आली, जिचा शेवटचा सहगुणक हलक्या वजनाचा आहे आणि पहिला जड वजनाचा. अशी काठी अस्तित्वातच नसते.

त्यामुळे पट्ट्यांची तपासणी ‘स्थिर’ म्हणाली की काम संपले. ती ‘नाही’ म्हणाली, तर मोटर बदलण्याआधी सहगुणक वजन, लांबी, Kp आणि Kd मध्ये उलगडून अट पुन्हा लिहावी.

काठी प्रत्यक्षात पडलीच, तर कोणती अट मोडली हे नुसते बघूनही कळते. Kp हे mgl पेक्षा कमी पडले असेल, तर काठी न डोलता एका बाजूला हळूहळू कलत जाते. मोटर संथ असेल तर ती दोन्ही बाजूंना वाढते झोके घेते. सीमेवर, Kp ९.९ असताना, हलकी आखूड काठी सुमारे ०.८६ सेकंदांचा झोका घेते आणि जड लांब काठी सुमारे २.४ सेकंदांचा. पहिल्या प्रकारात Kp वाढवायचा. दुसऱ्या प्रकारात Kp वाढवला तर झोके आणखी बिघडतात, तिथे Kd वाढवायला हवा.