परदेशी पार्सलवर जास्त लागलेली कस्टम ड्युटी: हिशेब कसा मागायचा, परतावा कुठे मागायचा

नागपुरात घरपोच आलेल्या परदेशी पार्सलसोबत कुरिअर कंपनी एक ड्युटी बिल देते. त्यावर एक मोठा आकडा असतो आणि आपण तो भरून मोकळे होतो. त्या आकड्यात दोन वेगळ्या रकमा असतात. एक सरकारला गेलेली ड्युटी आणि दुसरी कंपनीचं स्वतःचं क्लिअरन्स शुल्क, त्यावर जीएसटी. दुसऱ्या रकमेबद्दलची तक्रार कंपनीकडेच करायची. ती जुमानत नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कस्टम खातं फक्त पहिल्या रकमेचा परतावा देतं.

म्हणून आधी कुरिअर बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. आपल्या नावाने कंपनीने कस्टमला दिलेलं हे विवरण असतं. ईमेल एवढाच पुरे: “एअरवे बिल क्रमांक अमुक. या पार्सलच्या कुरिअर बिल ऑफ एंट्रीची प्रत, ड्युटी भरल्याचा पुरावा आणि मूल्य कसं काढलं त्याचा तपशील पाठवावा.” फोनवर भांडून काही हाती लागत नाही, लेखी मागा.

प्रत आली की टक्क्यांआधी मूल्याकडे बघा, कारण ड्युटी नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. त्यात वाहतूक आणि विमा मिळवतात. पण हवाई मार्गाने आलेल्या मालाची वाहतूक मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. सीमाशुल्क मूल्यांकन नियम, 2007 मधल्या नियम 10 ची ही तरतूद बहुतेकांना माहीतच नसते. विम्याची रक्कम कळत नसेल तर 1.125 टक्के धरतात.

समजा, बजाजनगरच्या एकाने जर्मनीहून सायकलचा सुटा भाग मागवला. माल 10,000 रुपयांचा, कुरिअरचा खर्च 4,000. विवरणात मूल्य दिसतं 14,112.50. म्हणजे वाहतूक पूर्ण 4,000 धरली. नियमाने ती 2,000 आणि विमा 112.50, म्हणून मूल्य 12,112.50 हवं होतं. हिशेबाच्या सोयीसाठी सगळे कर मिळून 40 टक्के धरले, तर 800 रुपये जास्त गेले. प्रत्यक्ष दर आपल्या कागदावरचाच घ्या. विनिमय दरही कस्टमने जाहीर केलेला लागतो, बँकेने कार्डावर लावलेला नाही. तेवढ्या फरकावरून चूक काढू नका.

चूक सापडली की थेट परताव्याचा अर्ज टाकावासा वाटतो, आणि नेमका इथेच तो अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये आयटीसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की मूळ आकारणी बदलल्याशिवाय परतावा मिळत नाही. आधी विवरण दुरुस्त व्हायला हवं. नुसती बेरजेची किंवा लिहिण्यातली चूक असेल तर सीमाशुल्क कायदा, 1962 चं कलम 154. विवरणात चुकीची माहिती गेली असेल तर कलम 149, आणि त्यासाठी विवरण भरणाऱ्या कंपनीलाच दुरुस्तीचा अर्ज करायला सांगा. नाहीतर आयुक्त (अपील) यांच्याकडे 60 दिवसांत अपील.

कलम 149 मध्ये एक अट जाचक आहे. माल सुटला तेव्हा जो कागद अस्तित्वात होता, तोच पुरावा चालतो. विक्रेत्याकडून नंतर मागवलेलं ‘सुधारित’ बिल कामाचं नाही. ऑर्डरच्या दिवसाचं बिल आणि वाहतूक खर्चाची पावती जपून ठेवा.

परताव्याचा अर्ज कलम 27 खाली, ड्युटी भरल्यापासून एका वर्षाच्या आत. कंपनीने आधी भरून तुमच्याकडून वसूल केली असली तरी अर्ज तुम्ही करू शकता, कारण भार तुम्ही सोसला. एरवी ‘हा भार गिऱ्हाइकावर टाकला नाही’ हे सिद्ध करावं लागतं, पण स्वतःच्या वापरासाठी माल आणणाऱ्या व्यक्तीला ते करावं लागत नाही. दुकानासाठी आणलेला माल असेल तर ही सवलत नाही.

अर्जासोबत विवरणाची प्रत, दुरुस्तीचा आदेश, ड्युटी भरल्याचा पुरावा, कंपनीचं बिल, विक्रेत्याचं मूळ बिल, पैसे दिल्याची बँकेची नोंद, एअरवे बिल, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक लावा. कंपनीमार्फत अर्ज करत असाल तर अधिकारपत्रही.

अर्ज सिव्हिल लाइन्सच्या जीएसटी भवनात नेऊन देण्याची घाई करू नका. पार्सल नागपुरात पोचलं तरी कस्टममधून ते बहुधा मुंबई किंवा दिल्लीच्या कुरिअर टर्मिनलवर सुटलेलं असतं. जिथे सुटलं तिथल्या सहायक किंवा उपायुक्तांकडे अर्ज जातो, आणि ते ठिकाण विवरणावरच छापलेलं असतं. पोहोच मात्र नक्की घ्या. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर पुढच्या काळासाठी वर्षाला 6 टक्के व्याज मिळतं. फरक 100 रुपयांपेक्षा कमी असेल तर कायदा परतावा देतच नाही.