सप्तमाचा सब काय म्हणतो? : कृष्णमूर्ती पद्धतीतल्या होकार-नकाराची पार्श्वभूमी

पाच-सात मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्यांची पत्रिका मांडली तर लग्नरास तीच, ग्रह त्याच राशीत, चंद्राचं नक्षत्रही तेच. मग एकाचा विवाह होतो आणि दुसऱ्याचा होत नाही, हे पत्रिकेत दिसणार कुठे? तमिळनाडूतल्या के. एस. कृष्णमूर्तींच्या (1908–1972) मांडणीत हा प्रश्न पुनःपुन्हा येतो. राशी आणि नक्षत्र या दोन्ही चाळण्या त्याला पुरत नाहीत, म्हणून त्यांनी नक्षत्राच्याही पोटात शिरून भाग पाडले.

हे भाग पाडायला त्यांनी नवं माप आणलं नाही. विंशोत्तरी दशेची, म्हणजे आयुष्यातल्या ग्रहांच्या कालखंडांची, 120 वर्षं नऊ ग्रहांत असमान वाटलेली असतात, त्याच प्रमाणात नक्षत्राची 800 कला वाटायची. शुक्राची वर्षं 20, म्हणून त्याचा वाटा 2 अंश 13 कला 20 विकला. रवीची 6, म्हणून जेमतेम 40 कला. नक्षत्रस्वामीपासून सुरुवात करून दशेच्याच क्रमाने पुढे जायचं. या तुकड्याचा मालक म्हणजे उपनक्षत्रस्वामी, बोलीत ‘सब’. अशा 27 गुणिले 9 म्हणजे 243 तुकड्यांपैकी सहा तुकड्यांमधून राशीची सीमा जाते. तिथे एकाचे दोन होतात आणि बेरीज 249 येते.

दुसरा बदल भावांचा, म्हणजे पत्रिकेतल्या बारा घरांचा. लग्नाची रास तोच पहिला भाव, असं न धरता त्यांनी प्लॅसिडस पद्धतीने प्रत्येक भावाचा आरंभबिंदू अंश-कलांत काढला. हा बिंदू सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे त्याचा सब साधारण तीन ते नऊ मिनिटांत बदलतो. जुळ्यांमधला फरक इथे पकडता येतो. त्यावरून नियम असा ठरला : घटना घडणार की नाही, हे त्या भावारंभाचा सब सांगतो, कधी घडणार, ते दशा सांगते. आधी दशा बघून तारखा देणारे इथेच चुकतात. होकारच नसेल, तर तारीख कशाची काढायची?

विवाहाचा प्रश्न घ्या. सप्तम भावारंभाचा सब 2, 7, 11 या भावांचा कार्येश, म्हणजे त्यांचं फळ देणारा ग्रह, असेल तर होकार. 1, 6, 10 चा असेल तर नकार. सब कोणत्या भावांचा कार्येश आहे हे ठरवताना तो कोणाच्या नक्षत्रात आहे, हे आधी पाहायचं. नक्षत्रस्वामी ज्या भावात बसला आहे आणि ज्यांचा मालक आहे, त्यांचं फळ तो ग्रह देतो. सब स्वतः कुठे बसलाय, हे त्यानंतर.

उदाहरणार्थ, कुंभ लग्न आहे आणि सप्तम भावारंभ सिंहेत 11 अंश 24 कलांवर आहे. नक्षत्र मघा. त्यात शनीचा सब 9 अंश 20 कलांपासून 11 अंश 26 कला 40 विकलांपर्यंत चालतो, म्हणून सप्तमाचा सब शनी. तो लग्नात, पूर्वाभाद्रपदात. नक्षत्रस्वामी गुरू लाभात, म्हणजे अकराव्या भावात, धनू राशीत, शिवाय 2 आणि 11 चा मालक. उत्तर होकार, शनी स्वतः 1 आणि 12 चा मालक असल्याने उशीर मात्र धरायचा.

आता हीच पत्रिका, पण सायन अंशांतून वजा करायचा फरक, म्हणजे अयनांश, बदलून पाहा. वरचा अंश लाहिरी अयनांशाने काढला होता. कृष्णमूर्ती अयनांश त्यापेक्षा सुमारे 6 कलांनी कमी आहे, म्हणून भावारंभ 11 अंश 30 कलांवर येतो आणि सब बुधाचा होतो. बुध श्रवणात आहे. नक्षत्रस्वामी चंद्र दशमात, आणि 6 चा मालक. उत्तर नकार! सॉफ्टवेअरमध्ये लाहिरी तसाच राहू देऊन सब वाचणं ही म्हणूनच नवख्यांची सगळ्यात महागडी चूक.

याच 6 कला घड्याळात मोजल्या तर सरासरी 24 सेकंद होतात. प्रसूतिगृहात वेळ लिहिताना एवढा नेमकेपणा कोण पाळतो? भाकीत चुकलं की जन्मवेळ अर्धा मिनिट मागे-पुढे करून उत्तर जुळवून घेण्याची पळवाट यातूनच निघते. तसं जुळवलेलं उत्तर हा पद्धतीचा पुरावा म्हणून मांडणं प्रामाणिकपणाचं नाही. भावारंभ सबच्या सीमेपासून दहा कलांच्या आत असेल आणि जन्मवेळ पडताळलेली नसेल, तर त्या पत्रिकेवर हो-नाही सांगूच नये.

ही अडचण टाळायला कृष्णमूर्तींनी त्या 249 तुकड्यांनाच प्रश्नकुंडलीचा पाया केलं. पृच्छकाने 1 ते 249 मधली एक संख्या सांगायची. त्या क्रमांकाचा तुकडा जिथे सुरू होतो तो अंश म्हणजे लग्न. उरलेले भावारंभ स्थळाच्या अक्षांशावरून काढायचे, आणि ग्रह ज्योतिषी प्रश्न सोडवायला बसतो त्या क्षणाचे घ्यायचे. जन्मवेळ लागतच नाही. मात्र प्रश्न एकच आणि नेमका हवा. ‘लग्न कधी होईल, आणि नोकरीचं काय?’ यात सप्तम पाहायचा की दशम, हेच ठरत नाही. नकार आला म्हणून लगेच दुसरी संख्या सांगणाऱ्या पृच्छकाला जाणकार दुसरी कुंडली मांडून देत नाहीत.