मर्ज-उल-मौत (अखेरच्या आजारातील हिबा)

ज्या दुखण्यात मृत्यूची धास्ती बसते आणि ज्यातच पुढे माणूस जातो, त्या दुखण्याला इस्लामी विधिशास्त्रात ‘मर्ज-उल-मौत’ म्हणतात. धडधाकट मुसलमान आपली सारी मालमत्ता हिबा, म्हणजे हयातीतले दान, करून कोणालाही देऊ शकतो. अखेरच्या आजारात मात्र त्याच्या मालमत्तेवर वारसांचा हक्क उभा राहू लागतो. म्हणून अशा वेळचा हिबा, रूपाने दान असूनही, परिणामाने वसियतीसारखा, म्हणजे मृत्युपत्रासारखा, धरला जातो: वारसांच्या संमतीवाचून तो मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरताच टिकतो. पुढील विवेचन मुख्यतः सुन्नींच्या हनफी पंथाच्या मताचे आहे.

या नियमाचे मूळ कुराणात थेट नाही. ते हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेत, शोधावे लागते. पैगंबरांचे सहकारी साद इब्न अबी वक्कास आजारी असता सर्व संपत्ती दान करू का, असे त्यांनी विचारले. तेव्हा पैगंबरांनी ‘एक तृतीयांश, आणि तेही पुष्कळच’ असे उत्तर दिल्याची परंपरा आहे. पण ही कथा वसियतीची मर्यादा सांगते. हयातीत तडीस गेलेल्या दानाला ती का लावावी, हा प्रश्न उरतोच. त्याला इम्रान इब्न हुसैन यांची हदीस अधिक नेमके उत्तर देते. एका माणसाने मरतेवेळी आपले सहा गुलाम मुक्त केले. त्याच्याकडे दुसरी मालमत्ता नव्हती. पैगंबरांनी चिठ्ठ्या टाकून दोघांना मुक्त ठरवले आणि चौघांना गुलामीतच ठेवले. हनफी पंडितांनी चिठ्ठ्यांची रीत स्वीकारली नाही. प्रत्येक गुलाम एक तृतीयांश मुक्त, उरलेले मोल त्याने कष्टून वारसांना फेडावे, असे त्यांनी ठरवले; तृतीयांशाचे तत्त्व मात्र कायम राहिले. इब्न हझ्म आणि वचनांचा शब्दशः अर्थ घेणारा त्यांचा जाहिरी पंथ यांना हे बंधनच मान्य नव्हते. बहुसंख्य पंथांचे मत मात्र बंधनाच्या बाजूचे आहे, आणि सहा गुलामांची हदीस पाहता तेच अधिक पटते.

दुखणे ‘अखेरचे’ केव्हा समजावे, यावर वाद मोठा आहे. ऑटोमन साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी कायदासंहितेने (१८६९–७६) कलम १५९५ मध्ये हनफी परंपरेची कसोटी नोंदवली आहे: पुरुष घराबाहेरची व स्त्री घरातली नेहमीची कामे करू शकत नाही, आणि वर्ष उलटण्याआत मृत्यू येतो. क्षय किंवा पक्षाघात वर्षभर त्याच स्थितीत राहिला, तर रोगी निरोगी माणसासारखा धरतात. मात्र दुखणे पुन्हा बळावले तर बळावल्यापासून नवी गणना होते. भारतातील न्यायालयांनी वर्षाची अट यांत्रिकपणे लावली नाही. फातिमा बीबी विरुद्ध अहमद बक्श या खटल्यात ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने (१९०८) प्रश्न असा ठेवला की, मृत्यू समोर उभा आहे या जाणिवेच्या दडपणाखाली दान झाले का? अब्दुल हाफिज बेग विरुद्ध साहेबबी (१९७५ मध्ये प्रकाशित) या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने दात्याच्या मनातील धास्तीला महत्त्व दिले. उशाशी बसलेल्यांना काय वाटले, याला नव्हे. त्यामुळे नुसते म्हातारपण पुरेसे ठरत नाही.

वसियतीसारखा धरला तरी हा हिबाच असतो, म्हणून दात्याच्या हयातीत ताबा द्यावाच लागतो. पहिले खलिफा अबू बकर यांनी मुलगी आयेशा यांना २० वस्क मापाचे खजूर देऊ केले होते. आयेशा यांनी ते तोडून घेतले नव्हते, म्हणून मरतेवेळी अबू बकर म्हणाले की आता ते वारसांचे झाले.

हिशेब असा होतो. एका माणसाची मालमत्ता २६ लाखांची आहे. दफनखर्च, पत्नीची थकलेली महर, म्हणजे विवाहात तिला देण्याचे ठरलेले धन, आणि इतर कर्जे २ लाख वजा जाता २४ लाख उरतात. मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. आजारात त्याने १२ लाखांची शेती भाच्याला ताब्यासह दिली. मुलगा असल्याने भाचा वारस नाही. वारसांनी संमती दिली नाही तर त्याचे दान ८ लाखांपुरते टिकते. उरलेल्या १६ लाखांतून पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे २ लाख, मुलाला ७ लाख आणि मुलींना प्रत्येकी साडेतीन लाख मिळतात. तीच शेती मुलाला दिली असती, तर तृतीयांशाची सवलतही नाही: वारसाला वसियत नाही. ती पूर्ण २४ लाखांत परत मिसळते, आणि मुलाला साडेदहा लाखच येतात. एका बहिणीने संमती दिली, तर ती तिच्या वाट्यापुरतीच चालते. ही संमती मृत्यूनंतर द्यावी लागते. बापाच्या खाटेपाशी मुलींकडून घेतलेला होकार त्यांना बांधत नाही.

बायको अखेरच्या घटका मोजत असताना तिच्याकडून महर माफ करून घेतात, त्यालाही हेच लागू आहे. नवरा तिचा वारस असतो. तेव्हा अशी माफी तिच्या इतर वारसांनी मानली तरच टिकते.

दाता बरा झाला, तर बंधन गळून पडते आणि हिबा पूर्ण दान म्हणून उभा राहतो. कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथातही तृतीयांशाची मर्यादा आहे. इस्ना अशरी शिया वारसालाही तृतीयांशापर्यंतची वसियत इतरांच्या संमतीवाचून मानतात. आजारातील दान तृतीयांशातून धरावे की संपूर्ण मालमत्तेतून, यावर त्यांच्या पंडितांत एकमत नाही.